माझ्याच आवाजातले चाळीस

वर्गात माझं नाव कुणी घेत नाही. समोर मला मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की शिपशीपबाई. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. बावीस वर्षं मी एकच विषय शिकवते. शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. फिट म्हणजे मापात बसणारं, फीट म्हणजे पावलं. चिप म्हणजे तुकडा, चीप म्हणजे स्वस्त. अशा जोड्या, ज्यांत एका स्वराखेरीज सगळं सारखं असतं. परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सेस, हॉटेलवाले, गोदामातले कारकून माझ्यासमोर बाकावर बसून ओठ ताणतात आणि मी त्यांना दामटते.

ही अडचण बुद्धीची नाही. आपल्याकडे इ पहिली की दुसरी हा वहीतला प्रश्न असतो. शाळेत त्यावरून मार्क जातात, पण बोलताना कुणाचं काही अडत नाही. एकच खुर्ची घरात असावी तसा आपल्या कानात तो एकच स्वर असतो, आणि इंग्रजीचे दोन पाहुणे आले की दोघांनाही आपण तिथेच बसवतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात एक जाड रबरबँड देते. शीप म्हणताना ताणायचा, शिप म्हणताना सोडायचा. लांब आणि आखूड. आठवड्याभरात माणसं ताणायला शिकतात आणि मला देव मानायला लागतात. मीही नाही म्हणत नाही.

बारा वर्षांपूर्वी संचालकांनी एका खोलीत भिंतीला गाद्या लावून माझ्या आवाजात चाळीस शब्द रेकॉर्ड करून घेतले. तेव्हापासून सगळा क्लास त्याच टेपवर चालतो. सराव तिच्यावर, आणि शेवटची परीक्षाही तिच्यावरच, फक्त शब्दांचा क्रम बदलून. टेपवर मी एक शब्द म्हणते, कागदावर दोन चित्रं असतात, त्यातल्या एकावर खूण करायची. निकाल पंच्याण्णव टक्के. टायरच्या दुकानावर आमचा क्लास आहे, तिथे जिन्याशी बोर्ड आहे, आणि बोर्डावर निकालाशेजारी माझा फोटो. परदेशी नोकरीच्या खऱ्या परीक्षेत जे पास होतात त्यांचे फोटो आम्ही वर भिंतीवर लावतो. जे नापास होतात ते घाबरले असं आम्ही धरून चालतो.

क्लासात माझा एक नियम आहे. प्रत्येक कागदावर वर नाव आणि तारीख घालायची, आणि सोडवलेला कागद फेकायचा नाही. तारीख नसलेला कागद मी तपासत नाही. रडून दाखवलं तरी नाही.

माझी धाकटी बहीण चौदा वर्षं नर्स आहे. टाके काढताना पेशंटला अशी गप्पांत गुंतवते की तो निघताना विचारतो, काढले का. तिला परदेशातल्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली होती. कागद सगळे झाले, एक सोडून. तिथे डॉक्टर रात्रंदिवस फोनवरून सूचना देतात, म्हणून त्या हॉस्पिटलची स्वतःची कानाची परीक्षा असते. चाळीस शब्द, दरवेळी वेगवेगळ्या अनोळखी माणसांच्या आवाजात, आणि बत्तीस बरोबर आले तरच पास. संधी तीन. तिन्ही गेल्या की जागा जाते आणि दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही.

तिचा नवरा आधीच तिकडे एका कारखान्यात लागला होता. त्याच्या परवान्यावर घरातलं एकच माणूस नेता येत होतं. शाळेचं वर्ष सुरू होत होतं म्हणून त्याने मुलीला नेलं. धाकटीचं काम महिन्याभरात होईल असं आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. कपाळावर तिळाएवढी खूण आहे म्हणून आम्ही तिला टिकली म्हणतो. महिन्याचे सहा महिने झाले. पहिल्यांदा धाकटीला चोवीस मिळाले, दुसऱ्यांदा पंचवीस. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी वीस आलेच असते.

"ताई, आता तूच शिकव," असं म्हणून ती बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली. तिने बिनपगारी रजा घेतली होती. "जगाला पास करतेस, मला नाही करणार?"

"इतके दिवस कुणी अडवलं होतं?" मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लहानपणापासून हुशार ती, देखणी ती, आणि लोकांना हवीशीही तीच. माझ्यापाशी काहीतरी मागायला ती पहिल्यांदाच आली होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची शाळा भरायची. सकाळी मी क्लासला जायच्या आधी एक फेरी, संध्याकाळी आल्यावर दोन. मधल्या वेळात ती एकटी हेडफोन लावून बसायची, मनगटावर रबरबँड. मनगटाला लाल वळ उठला होता. पहिल्या आठवड्यात सव्वीस, मग एकतीस, मग छत्तीस. दोन महिने झाले तेव्हा चाळीसपैकी चाळीस. मी लाल पेनाने कागदावर चाळीस लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तिने तो कागद फ्रिजवर लावला.

त्याच आठवड्यात टिकलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या हातात शाळेतलं चित्रांचं पुस्तक होतं. पोरगी आठ महिन्यांत तिकडच्यासारखी बोलायला लागली होती, भराभर, तोंडातल्या तोंडात.

"आई, मी शब्द म्हणते, तू सांग कुठलं चित्र," टिकली म्हणाली, आणि शब्द म्हणाली.

"जहाज," धाकटी म्हणाली.

"नाही गं. मेंढी. आता ऐक." पुन्हा एक शब्द.

"पावलं."

"नाही. मापात बसतं ते. आई, तू नीट ऐकतच नाहीस."

पाच शब्दांत धाकटीचे तीन चुकले. ती हसत होती, पण माझ्याकडे बघत हसत होती. मी मागून म्हटलं, "पोरीचे उच्चार बिघडलेत. घाईत स्वर खाते. मोठी माणसं असं नाही बोलत." टिकलीने मावशीला जीभ दाखवली. मी पण दाखवली. विषय संपला. म्हणजे मी तो संपवला.

क्लासमध्ये त्या महिन्यात एक नवीन बाई आल्या होत्या. आधी हॉस्पिटलात मुलांचे कान तपासायच्या. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला सपक, चेहऱ्यावर कधी कौतुक नाही की राग नाही. मी त्यांना मनात कानवाली म्हणायचे. एका दुपारी त्यांनी स्टाफरूममध्ये माझी टेप कॉम्प्युटरवर लावली आणि मला बोलावलं. पडद्यावर काळे-करडे पट्टे होते.

"हा तुमचा शिप, हा तुमचा शीप," त्या म्हणाल्या. "हे वरचे पट्टे बघा. जीभ कुठे आहे ते यावरून कळतं. दोन्हीत एकाच जागी आहेत. तुम्ही फक्त वेळ वाढवताय."

"लांबच असतो तो," मी म्हटलं. "पुस्तकात दीर्घ म्हणूनच दिलाय."

"लांब असतो, पण फरक तेवढाच नाही. मुख्य फरक स्वराचाच आहे. शीपला जीभ वर आणि पुढे, ओठ फाकलेले. शिपला जीभ थोडी खाली आणि मागे, तोंड सैल. लांबीचं तर काही खरं नसतं." त्यांनी तीन शब्द कागदावर लिहिले. "बीड म्हणजे मणी. बीट म्हणजे मारणं. दोन्हीत तोच दीर्घ, पण शेवटी ट आला की तो तोकडा पडतो. आता बिड, म्हणजे बोली लावणं. यातला ऱ्हस्व मोजा. बीटमधल्या दीर्घाएवढाच भरेल. आणि माणूस घाईत बोलला की त्याचा शीप दुसऱ्या कुणाच्या शिपपेक्षा आखूड होतो. लांबी मोजून ओळखणारा तिथे हमखास फसणार."

"माझी मुलं तर ओळखतात."

"तुमच्या आवाजात ओळखतात. बारा वर्षं एकच माणूस, एकच वेग, तेच शब्द. त्यांना इंग्रजी स्वर नाही, तुम्ही पाठ झाल्या आहात."

इतकं सपकपणे कुणी आजवर माझा अपमान केला नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही येऊन तीन आठवडे झाले, नाही का?" त्या म्हणाल्या, "हो," आणि खिशातून एक पेनड्राइव्ह काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात बारा माणसांचे आवाज होते, बायका, पुरुष, एक म्हातारे गृहस्थ, सगळे तिकडचे. "एकदा स्वतः करून बघा."

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत मी रिकाम्या वर्गात बसले. दार लावून घेतलं. कोरा कागद घेतला, सवयीने नाव घातलं, तारीख घातली, बाजूला नवे आवाज असं लिहिलं. हेडफोन लावले. पहिला म्हातारा गृहस्थ बोलला आणि माझा हात हवेतच राहिला. मला कळेना. लांब म्हणावं तर लांब नाही, आखूड म्हणावं तर तसंही नाही. मी खूण केली. पुढचा शब्द एका बाईचा. पुन्हा तेच. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं मशीन धडधडत होतं, आणि मी मशीनलाच दोष देत शेवटपर्यंत गेले.

उत्तरं ताडून बघितली. चाळीसपैकी तेवीस.

बावीस वर्षं. लाज वाटली असं म्हणणं कमी पडेल. त्याच वेळी डोक्यात अगदी थंडपणे एक विचार आला की हे कुणाला कळता कामा नये. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. फाडला नाही, कारण मी सोडवलेला कागद फाडत नाही.

"किती आले?" कानवालीने संध्याकाळी जिन्यात विचारलं.

"अडतीस," मी म्हटलं.

त्यांना कळलं असावं. रोज लहान मुलं त्यांच्याशी खोटं बोलायची, ऐकू आलं नाही तरी आलं म्हणायची. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या बहिणीची परीक्षा कधी आहे?"

"एकोणीस दिवसांनी."

"तिला हे रोज वीस मिनिटं ऐकवा. प्रत्येक उत्तराला लगेच सांगायचं, बरोबर की चूक. शब्द बदलत राहायचे, माणसं बदलत राहायची. पहिले चार दिवस मार्क पडतील, रडेल. पण तीन आठवड्यांत बरेच कान उघडतात. खात्री देत नाही. पण उघडतात."

"बघते," मी म्हटलं.

घरी आले तर धाकटी फ्रिजवरच्या कागदाखाली उभी राहून टिकलीसाठी स्वेटर मोजत होती, अंदाजाने, आठ महिन्यांत किती वाढली असेल ते हवेत हाताने दाखवत. मला म्हणाली, "ताई, तुमच्या क्लासला नव्या आवाजांची टेप आलीय म्हणे. तुमच्या खालचा टायरवाला बाजारात भेटला, तो सांगत होता, त्याची भाची येते ना क्लासला. मी पण ऐकू का? खऱ्या परीक्षेत अनोळखीच माणसं असतात."

इतकं सोपं होतं. पेनड्राइव्ह पर्समध्ये, पर्स माझ्या खांद्याला. फक्त हात घालून काढायचा आणि म्हणायचं, मला तेवीस पडले, आपण दोघी मिळून शिकू. तिने माझी थट्टा केली असती, आठवडाभर तेवीस तेवीस म्हणून चिडवलं असतं. मग आम्ही कामाला लागलो असतो.

मी म्हटलं, "परीक्षेच्या तोंडावर नवीन काही करायचं नसतं. जे येतंय तेही जातं."

"तू म्हणतेस तर," ती म्हणाली. वादही घातला नाही. लहानपणी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी, आणि नेमका या एकाच बाबतीत तिने माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला.

मी स्वतःला खूप समजावलं. तिचा आत्मविश्वास डळमळेल, चार दिवस मार्क पडले तर खचेल, दोनदा नापास झालेलं माणूस आहे. त्यातलं थोडं खरंही होतं. थोडं खरं हाताशी असलं की माणूस काय वाटेल ते करू शकतो. शिवाय माझा चेहरा बोर्डावर होता. एकोणीस दिवस मी रोज सकाळी टेप लावली, रोज तिला चाळीस पडले, आणि रोज मी लाल पेनाने दोन रेघा मारल्या.

परीक्षा एका ऑफिसच्या इमारतीत होती, काचेच्या केबिनमध्ये. मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. काचेतून ती दिसत होती, पाठमोरी. सुरुवातीला तिचं मनगट हलत होतं, रबरबँड ताणत असावी. मग हात थांबला. एकदा तिने हेडफोन दाबून धरले, एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी हसून मान हलवली. कर, कर, असं. तिथून पुढे तिचा हात फार झरझर चालला, आणि झरझर चालणारा हात कशाचा असतो हे शिकवणाऱ्या माणसाला लगेच कळतं.

निकाल तिथेच पडद्यावर येतो. पंचवीस.

ती बाहेर आली ती रडत नव्हती. "ते लोक तुझ्यासारखं बोलतच नाहीत, ताई," एवढंच म्हणाली. रिक्षात मी बोलत राहिले. परीक्षेचाच दोष आहे, मशीन खराब असेल, तक्रार करू, दोन वर्षं म्हणजे काय, अशी निघून जातात. ती बाहेर बघत होती. दोन वर्षांनी टिकली नऊ वर्षांची होईल हे तिने बोटांवर मोजलं, मी बघितलं.

घरी आल्यावर ती बॅग भरायला लागली. उद्यापासून कामावर हजर होते म्हणाली. मी चहा टाकला. तिचे सगळे सरावाचे कागद स्वयंपाकघराच्या टेबलावरच्या फाइलमध्ये असतात, माझ्या कोऱ्या कागदांबरोबर. ती एकेक काढून वेगळे करत होती. अचानक कागदांचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. तिच्या हातात घडी घातलेला एक कागद होता, आणि मला घडीवरूनच तो ओळखू आला. पर्स रिकामी करताना मीच तो फाइलच्या तळाशी सरकवला होता. तपासलेला कागद जपून ठेवायचा.

तिने वरपासून वाचलं. माझं नाव. तारीख. नवे आवाज. माझ्याच अक्षरात तेवीस. मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि तिचे ओठ हलले. ती दिवस मोजत होती.

"एकोणीस," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला.

"मी तुला विचारलं होतं, ताई. इथेच उभी होते."

"मला वाटलं, तू खचशील."

"माझ्यासाठी वाटलं?"

तिला उत्तर नकोच होतं. ती खुर्ची ओढून बसली, फाइलमधून एक कोरा कागद घेतला, वर नाव घातलं, आजची तारीख घातली. हेडफोन बाजूला ठेवले आणि टेप मोठ्याने लावली. स्वयंपाकघरभर माझा आवाज झाला, बारा वर्षांपूर्वीचा, गाद्यांच्या खोलीतला, ठसठशीत आणि खुशीत. शिप. शीप. फीट. चिप. तिने एकदाही टेप थांबवली नाही, रबरबँडला हात लावला नाही. शब्द पुरा व्हायच्या आत खूण होत होती. मी ओट्याला टेकून चाळीसच्या चाळीस ऐकले. स्वतःचा आवाज इतका नकोसा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

टेप संपली. तिने कागद माझ्या तेवीसच्या शेजारी ठेवला, टेबलावर सरळ करून, आणि लाल पेन माझ्यापुढे सरकवलं.

"तपास," ती म्हणाली.

"नको गं."

"तारीख घातलीय. तपास."

मी बसले. एकेक खूण बघत खाली आले. ती समोर उभी होती, बॅगेचा पट्टा खांद्यावर. सगळं बरोबर होतं. मी लाल पेनाने चाळीस लिहिलं, आणि हाताला सवयच आहे, खाली दोन रेघा मारल्या.